कुणी पाहत नाही आणि कुणी ओळखत नाही, ही दोन वेगळी दुखणी

प्रश्न: वय ६७, सहकारनगरला राहते. कॉलेजात देखणी म्हणून माझं नाव होतं आणि पन्नाशीपर्यंत चारचौघांत गेले की लोक वळून बघायचे, खोटं कशाला बोलू. आता लक्ष्मी रोडवर दुकानात उभी असले तरी माझ्या मागून आलेल्या मुलीला आधी विचारतात. लग्नात फोटोग्राफरचा कॅमेरा माझ्यावरून सरकत पुढे जातो. घरात मिस्टर आहेत, मुलगा-सून पिंपळे सौदागरला. तरी फार एकटं वाटतं. मैत्रीण म्हणते केस रंगव, फेशियल कर. या वयात दिसण्याचं दुःख करत बसते म्हणून लाजही वाटते. काय करावं?

उत्तर:

पुण्यात ज्येष्ठांचं समुपदेशन करायला लागून मला २२ वर्षं झाली. हे दुःख घेऊन पहिल्याच भेटीत कुणी आलेलं मला आठवत नाही. बायका येतात त्या झोप लागत नाही म्हणून, नाहीतर सुनेशी पटत नाही म्हणून. मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत, निघताना, पर्स खांद्याला अडकवता अडकवता म्हणतात, "नातवाच्या मुंजीच्या अल्बममध्ये माझा एकही धड फोटो नाही हो." तुम्ही ते सरळ पहिल्या ओळीत लिहिलंत. माझ्या तीन भेटी वाचल्या.

कडू भाग आधी सांगते. अनोळखी माणसाची ती वळून बघणारी नजर परत येणार नाही. केस रंगवून नाही, फेशियलने नाही आणि माझ्याकडे येऊनही नाही. देखण्या माणसाला सोळाव्या वर्षापासून एक गोष्ट फुकट मिळत असते: ओळख नसताना मिळणारं लक्ष. रिक्षावाला थांबतो, दुकानदार "या ताई" म्हणतो, समारंभात कुणीतरी खुर्ची सरकवतं. त्यासाठी काही करावं लागत नाही, म्हणून ते मिळतंय हेही कळत नाही. चारचौघींसारखं रूप असलेल्या बाईला लोकांशी ओळख करून घ्यायला आधीपासूनच स्वतः पुढे व्हावं लागतं. त्यामुळे साठीनंतर तिचं कमी बिघडतं. माझ्याकडे येणाऱ्यांत तुमच्यासारख्या एकेकाळच्या देखण्या बायका जास्त असतात, आणि त्याचं कारण गर्व नाही. दुसऱ्याकडून पहिलं पाऊल येतं याची सवय कित्येक वर्षांची असते, आणि ते यायचं थांबलं की आपण पुढे कसं व्हायचं हे माहीतच नसतं.

तुमच्या प्रश्नात दोन दुखणी एकात एक अडकली आहेत. एक, कुणी पाहत नाही. दुसरं, कुणी ओळखत नाही. पहिल्याचा शोक करावा लागतो, दुसऱ्यावर काम करता येतं. एकटेपणा बहुतेक वेळा दुसऱ्यातून येतो, पण बोलताना माणूस पहिल्याबद्दल बोलतो, कारण दुकानातला प्रसंग डोळ्यांसमोर घडतो आणि ओळख मात्र आवाज न करता कमी होत जाते. मी प्रत्येकीला विचारते: गेल्या आठवड्यात तुम्हाला तुमच्या नावाने हाक कुणी मारली? बघा आठवून. मिस्टर "अगं ऐकलंस का" म्हणतात, मुलगा-सून "आई", नातवंडं "आजी", भाजीवाली "मावशी", सोसायटीतली पोरं "काकू". सगळी गोड नाती आहेत, पण सगळी त्या-त्या माणसाच्या बाजूने मोजलेली. बऱ्याच जणींचं उत्तर येतं, "बँकेत टोकन नंबर आला तेव्हा पासबुकावरून वाचलं होतं."

आता दुकानातल्या पोराचं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे त्याच्यावरचा राग निम्मा होईल. माणसाला आपल्या वयाचे चेहरे जास्त चांगले लक्षात राहतात, हे मानसशास्त्रात अनेकदा तपासून झालं आहे. बावीस वर्षांच्या मुलाला साठीपुढच्या सगळ्या बायका बऱ्यापैकी सारख्या दिसतात. तुम्हालाही त्याच्या वयाची पोरं सारखीच दिसतात, फरक एवढाच की ती काउंटरच्या आतल्या बाजूला असतात. दुसरं कारण सुरकुत्यांचं. वयस्कर चेहऱ्यावरचे भाव तरुणांना नीट वाचता येत नाहीत. तोंडाचे कोपरे खाली उतरलेले असतात, त्यामुळे आपण नुसत्या वाट बघत उभ्या असलो तरी त्याला आपण वैतागलेल्या वाटतो, आणि वैतागलेल्या गिऱ्हाइकाकडे कुठलाही नोकर आधी बघत नाही. मी स्वतः अठ्ठावन्नाची आहे. गेल्या वर्षी एका साडीच्या दुकानात दहा मिनिटं उभी राहिले आणि शेवटी त्या मुलाने विचारलं, "आजी, कुणाबरोबर आलात?" मी घरी येऊन नवऱ्याशी भांडले, त्याचा काही संबंध नसताना. तेव्हा हे मी फार उंचावरून सांगतेय असं समजू नका.

एक गोष्ट मात्र तपासायला हवी. एकटेपणा जुना झाला की मन दुर्लक्षाचे पुरावे गोळा करायला लागतं. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणावर अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं की एकटं पडलेल्या माणसाचा मेंदू धोक्याच्या खुणा शोधत सावध राहतो. त्यामुळे तिघांनी नमस्कार केला तरी चौथ्याने मान वळवली तेवढंच लक्षात राहतं. म्हणून मी आठवणीवर विश्वास ठेवत नाही, वहीवर ठेवते.

हे कसं होतं ते एका काकूंच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ७१, कोथरूडच्या, निवृत्त बँक कर्मचारी, यजमान जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी वाकडला. उंच, गोऱ्या, तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या. तक्रार अगदी तुमचीच: "मी काचेची झालेय." मी तीन छोटे प्रश्न विचारले, जे एकटेपणा मोजायला जगभर वापरतात: सोबत नाही असं किती वेळा वाटतं, बाजूला पडल्यासारखं किती वेळा, सगळ्यांपासून तुटल्यासारखं किती वेळा. क्वचितला १ गुण, कधीकधीला २, बऱ्याचदाला ३. बेरीज ३ ते ९ मध्ये कुठेतरी येते. काकूंची आली ८.

मग आठवडाभर वही. तीनच नोंदी: नावाने हाक कुणी मारली, पाच मिनिटांपेक्षा जास्त कुणाशी बोलणं झालं, आणि बाहेर गेल्यावर कुठे डावललं गेलं. तिसऱ्या नोंदीत डावललं नाही तेही लिहायचं, ही माझी अट. आठवड्याने वही आली. बाहेर जाणं आठ वेळा, डावललं गेल्याच्या नोंदी तीन. त्यातल्या एका ठिकाणी तो मुलगा मोबाइलवर होता आणि त्याने कुणालाच विचारलं नव्हतं. काकू मान्य करायला तयार नव्हत्या, त्या म्हणाल्या, "मला तर वाटलं होतं आठच्या आठ." पण मला खटकली ती पहिली नोंद. नावाने हाक एक, तीही बँकेतल्या जुन्या मैत्रिणीची, फोनवर. पाच मिनिटांची बोलणी दोन. तीन दुकानदारांनी रडवलं असं त्या म्हणत होत्या, आणि खरं तर पूर्ण आठवड्यात त्यांना ओळखून बोलणारी दोन माणसं होती.

त्यात एक गोष्ट त्यांनी फार उशिरा सांगितली. यजमान गेल्यावर इमारतीतल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. कुणी वाईट वागलं नाही, फक्त फोन आला नाही. गजरा त्यांनी आपणहून सोडला, साड्या फिकट होत गेल्या, पिस्ता, राखाडी, मळकट बदामी. "कुणी म्हणायच्या आत आपणच कमी करावं," हे त्यांचे शब्द. म्हणजे लोकांनी बघणं थांबवलं आणि काकूंनीही स्वतःला पुसायला हातभार लावला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. कोथरूडच्या इमारतीत ठराव होत नाही. तिथे कुणाला तरी फोन उचलून "मी येतेय" असं सांगावं लागतं. काकूंनी पुढच्या चैत्रात सांगितलं. आंब्याची डाळ आणि पन्ह्यावर कुणी काही बोललं नाही, एकीने नजर चुकवली, बाकीच्या सरकून बसल्या. तुमचे मिस्टर आहेत, त्यामुळे ही बाजू तुम्हाला लागू नाही. पण साड्यांचे रंग कधी आणि का बदलले, हे कपाट उघडून एकदा बघा.

मुख्य उपाय दिसायला अगदी साधा आहे: एकच जागा, एकच वेळ, निदान सहा आठवडे. वयस्कर चेहरे लक्षात न राहण्यावरचा इलाज म्हणजे तोच चेहरा पुन्हापुन्हा दिसणं. आठवड्यात सहा वेगवेगळ्या ठिकाणी गेलात तर सहा ठिकाणी अनोळखी राहाल. एकाच दुकानात रोज सकाळी साडेसातला दूध घेतलंत, तर तिसऱ्या आठवड्यात तो पोरगा पिशवी काढून ठेवतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आवारातला प्रयोग आहे. वाटेने जाणाऱ्यांपैकी काहींच्या नजरेला नजर दिली, काहींकडे हवेकडे बघावं तसं आरपार बघितलं. लगेच पुढे दुसऱ्या कुणीतरी त्यांना तुटल्यासारखं किती वाटतंय ते विचारलं. आरपार बघितलेल्यांना जास्त वाटत होतं. एका परक्याच्या एका नजरेने एवढा फरक पडतो. म्हणजे दूधवाल्याची ओळख क्षुल्लक नाही, जरी मैत्रीण म्हणून ती मोजत नसली तरी.

काउंटरवर उभं राहण्याचीही पद्धत असते. बाजूला, मान तिरकी करून, तो बघेल म्हणून थांबू नका. पुढे जाऊन पिशवी काउंटरवर ठेवा आणि वस्तूच्या नावाने बोलणं सुरू करा: "दोन परकर दाखवा, मोरपंखी." "अहो, जरा ऐकता का" ही सुरुवात गर्दीत विरून जाते. मोरपंखी हा शब्द विरत नाही. शेवटी त्या मुलाचं नाव विचारा. काकूंना याचा सुरुवातीला संकोच वाटला. पुढच्या वेळी मात्र "काय रे प्रशांत" म्हटल्यावर तो हसला, आणि त्यानेही नाव विचारलं. माझ्या अनुभवात नाव आधी द्यावं लागतं, मग मिळतं.

विरंगुळा केंद्राचा सल्ला सगळेच देतात, मीही दिला, आणि काकूंच्या बाबतीत तो पहिल्यांदा फसला. तिथे वर्षानुवर्षं येणाऱ्यांच्या खुर्च्या ठरलेल्या असतात. काकू दोन आठवडे कोपऱ्यात बसल्या, भजन झालं, वाढदिवसाचा पेढा मिळाला, कुणी नाव विचारलं नाही. नुसतं माणसांत जाऊन बसल्याने एकटेपणा कमी होतोच असं नाही. एकटेपणावरच्या उपायांचा एकत्रित अभ्यासही हेच सांगतो की भेटीगाठी वाढवण्यापेक्षा लोकांबद्दलचे आपले उलटे अंदाज तपासण्याचा गुण जास्त येतो. माझी त्यात एक भर आहे: तिथे आपल्याला काहीतरी काम हवं. ज्याच्याकडे काम असतं त्याला लोक हाक मारतात.

काम कसं मिळालं, ते नशिबाने. नोव्हेंबर आला. पेन्शनरांना माहीत आहे, या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा. हल्ली तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. फोन आपल्याकडे बघतो, डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो आणि माणूस जिवंत असल्याचं मान्य करतो. केंद्रातल्या बऱ्याच जणांना ते जमत नव्हतं, चष्म्यावर उजेड चमकायचा, मागे खिडकी असायची. काकू तीस वर्षं बँकेत होत्या. त्यांनी एक टेबल भिंतीकडे तोंड करून मांडलं, चष्मा काढायला लावला आणि बुधवारी अकरा ते एक बसायला सुरुवात केली. महिनाअखेरीला केंद्रातले बहुतेक जण त्यांना नावाने ओळखत होते, कारण "बुधवारी कोण बसतं?" याचं उत्तर द्यायला नाव लागतंच. डिसेंबरमध्ये काम संपलं आणि बुधवार रिकामा झाला, तेव्हा त्या पुन्हा खचल्या. ते मला आधी सुचायला हवं होतं. मग मुदतठेवींची कागदपत्रं, वारसनोंदी, मोबाइलवरच्या फसव्या फोनांपासून सावध कसं राहायचं, अशी कामं त्याच टेबलावर आली. सात महिन्यांनी तीन प्रश्नांची बेरीज ८ वरून ५ वर आली होती. ३ वर नाही. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना अजून पोटात खड्डा पडतो, असं त्या म्हणतात. तो पहिल्या दुखण्याचा भाग आहे आणि तो तसाच राहिला आहे.

केसांबद्दल विचारलंत. रंगवावेसे वाटत असतील तर रंगवा, पण दर तीन-चार आठवड्यांनी मुळं पांढरी दिसणार आणि दर वेळी आरशात तोच हिशोब होणार, हे आधी धरून चाला. माझ्या पाहण्यात केसांपेक्षा कपड्यांच्या रंगाने आणि नीट बसणाऱ्या कवळीने जास्त फरक पडतो. फिकट भिंतीसमोर फिकट साडीतली बाई फोटोत खरोखरच हरवते. अबोली, जांभळा, गडद हिरवा अंगावर असला की फोटोग्राफर थांबतो, कारण त्याला चौकटीत रंग हवा असतो.

पण त्याआधी कान तपासून घ्या. वाढत्या वयात उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, त्यात स, फ, थ, ट यांसारखी व्यंजनं जातात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. मग आपण उगाच मान डोलावतो, समोरचा दोनदा बोलून कंटाळतो आणि तिसऱ्याकडे वळतो. त्याला आपण डावलणं म्हणतो. ऑडिओग्रामला अर्धा तास पुरतो. त्याबरोबर बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवीन नाही, आणि त्याचा थकवा-उदासपणा वयाच्या माथी मारला जातो.

मिस्टरांबद्दल मी सावध बोलते, कारण तुम्ही त्यांच्याविषयी एकच शब्द लिहिलाय, "आहेत". चाळीस वर्षांच्या संसारात बघणं कमी झालेलं असतं आणि त्यांनाही निवृत्तीनंतर कुणी विचारत नसेल. पुरुषांचं ते एका दिवसात होतं, खुर्ची सुटते त्या दिवशी. "तुम्ही माझ्याकडे बघत नाही" या वाक्याने पुण्यातल्या एकाही नवऱ्यात सुधारणा झालेली मी पाहिली नाही. मागणी छोटी आणि नेमकी ठेवा: आठवड्यातून एकदा माझा एक फोटो काढा, तळजाईवर, सारसबागेत, कुठेही. फोटो काढायला माणसाला बघावंच लागतं. पहिले दहा फोटो वाईट येतील. नातं फारच ताणलेलं असेल तर हे करू नका, मग दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जाणं बरं.

आतापर्यंतचं थोडक्यात: नजरेचा शोक वेगळा ठेवा, ओळखींची मोजदाद वेगळी करा, कान आणि रक्त तपासा, एक जागा आणि एक वेळ धरा, तिथे काही काम मिळतंय का बघा.

काही परिस्थितींत मात्र हा रस्ता नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, किंवा आपण नसलो तर बरं असं मनात येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. वही बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा. या वयातही औषधांचा गुण येतो. बाहेर पडणं जमत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे दोन्ही क्रमांक फोनवर उपलब्ध आहेत.

बाकी लाजेविषयी एवढंच की ती तुम्ही घरात कुणाजवळ बोलला नाहीत, इथे अनोळखी लोकांत बोललात. त्याच मैत्रिणीला, जिने केस रंगव म्हटलं, हे सगळं न गाळता सांगून बघा. ती फेशियलचं बोलली म्हणजे तिनेही आरशात काहीतरी पाहिलेलं असणार. दोघींनी लक्ष्मी रोडला एकत्र न जाता वेगवेगळं जा आणि वह्या नंतर ताडून बघा. तिला कुठे डावललं आणि तुम्हाला कुठे, हे ऐकून बहुतेक जणींना हसू येतं.

पहिला आठवडा झाला की मला फक्त एक आकडा कळवा, नावाने हाक किती जणांनी मारली. शून्य आलं तर शून्य लिहा.